एका निकालाचा सारांश आणि चार सारखे चौकोन: माझा अनुभव

आमच्या गटाचा छापील नमुना ज्याने आखला, त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. वस्तुस्थिती, मुद्दे, कारणमीमांसा आणि अंतिम आदेश असे चार अगदी सारख्या आकाराचे चौकोन त्यात होते, आणि चेंबूरच्या एका वस्तीत वाचून दाखवण्यासाठी ओल्गा टेलिस खटल्याचा 1985 चा निकाल मला त्यात बसवायचा होता.

वस्तुस्थिती सोपी होती: 1981 च्या पावसाळ्यात मुंबईतील फुटपाथ आणि झोपडपट्ट्यांतील रहिवाशांना हटवण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला, त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आल्या. मुख्य मुद्दे दोन निघाले. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो का, आणि नोटीस न देता अतिक्रमण हटवू देणारे महापालिका कायद्याचे कलम 314 वैध आहे का?

अडलो ते कारणमीमांसेपाशी. उपजीविकेचे साधन हिरावले तर जगणेच हिरावले जाते, म्हणून तो हक्क जगण्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये येतो, हे मी ठळक अक्षरांत लिहिले. मसुदा वाचून झाल्यावर वस्तीतल्या एका मावशींनी विचारले, “म्हणजे आपण जिंकलो ना?” मला उत्तर देता आले नाही, कारण रहिवाशांना हटवणे न्यायालयाने बेकायदा ठरवलेच नव्हते. पुन्हा वाचल्यावर माझ्याकडून सुटलेला दुवा सापडला: न्याय्य पद्धतीने हा हक्क काढून घेता येतो, आणि कलम 314 नोटीस टाळण्याची मुभा देते, सक्ती करत नाही, म्हणून एरवी म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि कलमही वैध राहते. मात्र या रहिवाशांचे म्हणणे आपल्यापुढे ऐकले गेलेच आहे, असे न्यायालयाने मानले.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी होती. झोपड्या पाडताना अडथळा आणणार नाही अशी हमी उच्च न्यायालयात दिल्यामुळे रहिवाशांना मूलभूत हक्क सांगता येणार नाही, हे वाक्य मी न्यायालयाचे मत म्हणून उतरवले होते. प्रत्यक्षात तो विरुद्ध पक्षाचा युक्तिवाद होता आणि न्यायालयाने तो फेटाळला होता. म्हणून प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, बोलतो आहे तो पक्ष की न्यायालय, हे आधी लिहावे. आणि हे सुरुवातीलाच सांगायला हवे होते की वाचन शेवटच्या आदेशापासून करावे.

आदेशाच्या चौकोनात मी अखेर असे लिहिले: “हटवणे कायमचे थांबलेले नाही. 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत कोणालाही हटवायचे नाही. 1976 च्या गणनेत नोंद असलेल्या फुटपाथवासीयांना पर्यायी जागा द्यावी, पण ती मिळेपर्यंत हटवणे थांबेल असे नाही.”

मावशींनी शेवटचे वाक्य दोनदा वाचायला लावले. कारणमीमांसा मात्र चौकोनात मावली नाही. जादा कागद टाचणीने जोडला.