लातूरला पाठवलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ

"भावजी, यांचा चाळिसावा वाढदिवस आहे. दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, टीव्हीवर लावणार आहोत," असा मित्राच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, लातूरहून फोन आला. मी बंगळुरूत, सुट्टी मिळणार नव्हती. टीव्हीवर म्हटल्यावर दोन गोष्टी ठरल्या. फोन आडवा धरायचा, आणि समोर त्याचे सासरे, ऑफिसातले लोक, दहावीतली लेक बसलेली असणार. म्हणजे होस्टेलचे किस्से बाद!

दीड मिनिटात सावकाश बोललं तर पावणेदोनशेच्या आसपास शब्द बसतात. लोक हसतील तेवढी जागा सोडायची, म्हणजे दीडशेच धरायचे. एवढ्यात चार-पाच विषय घेतले असते तर नुसती यादी झाली असती. म्हणून त्याची एकच खोड धरली, उशिरा येण्याची. ती सासऱ्यांनाही ठाऊक, ऑफिसलाही. समजावून सांगावा लागतो तो विनोद टीव्हीवर पडतोच.

सुरुवात अशी केली: "लेका, तुझ्या लग्नात वरात वेळेवर निघाली, कारण घोडी भाड्याची होती." इथं तीन सेकंद गप्प. एकट्यानं कॅमेऱ्यासमोर तीन सेकंद थांबणं लई अवघड वाटतं, पण नाही थांबलं तर पुढचं वाक्य हशात बुडतं. मग, "चाळिशीसुद्धा तुला उशिराच लागंल, बघ."

खरी अडचण होती हसण्यातून मनातल्या बोलण्याकडं वळायची. "पण गंमत बाजूला ठेवून" असं म्हटलं की ऐकणारा सावध होतो, भाषण सुरू झालं म्हणून. ते खोडलं. त्याच खोडीला धरून लिहिलं: "एकाच वर्षी तू वेळेवर यायचास. 2016 ला, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं तेव्हा. माझे बाबा दुसऱ्या मजल्यावर एकटे. टँकर कधी येईल त्याचा नेम नसायचा, पण टँकरच्या आधी तू खाली कॅन घेऊन उभा असायचास. मला हे तू कधी सांगितलं नाहीस. बाबांनी सांगितलं, तेही तू गेल्यावर, फोनवर हळू आवाजात. आज ते नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं मी सांगतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दोस्ता."

"केक कापायला तरी वेळेवर ये" असं शेवटी जोडायचा मोह झाला होता. नाही जोडलं. रडू येईल असं वाटलं की आपण विनोद करून सुटतो, आणि आधीचं सगळं पुसलं जातं.

बाबांचा भाग पाठ केला नाही. वाचूनही दाखवला नाही, वाचताना डोळे सरकलेले लगेच कळतात. मिरज, टँकर, कॅन एवढेच शब्द चिठ्ठीवर लिहून लेन्सशेजारी चिकटवले. पंखा बंद केला, त्याची घरघर आवाजात येते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला, नाहीतर मोठ्या टीव्हीवर चेहरा पुसट दिसला असता. वहिनींनी भाच्याला सांगून तो सगळ्यांच्या शेवटी जोडून घेतला.