तळहाताची खाज आणि मांडीतले ॲड्रिनॅलिन

कोल्हापुरातल्या आमच्या सीटी विभागात स्कॅनमध्ये अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून कॉन्ट्रास्ट हे औषध शिरेतून दिलेल्या रुग्णाची कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, स्कॅन संपल्याबरोबर काढली जात नाही. रुग्णाला बाहेरच्या खाटेवर साधारण अर्धा तास नजरेसमोर ठेवले जाते, कारण गंभीर रिॲक्शन बहुतेक वेळा पहिल्या वीस मिनिटांतच सुरू होते आणि एकदा रक्तदाब कोसळला की हातात शीर सापडत नाही. घरी जाण्याची घाई असलेल्या नातेवाईकांना हे थांबणे जाचक वाटते. त्यांना मी शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकरी मामांची हकीकत सांगतो.

मामा पन्नाशीचे होते आणि पोटाच्या सीटीसाठी आले होते. पूर्वी कॉन्ट्रास्ट कधी घेतलेले नव्हते, दमा नव्हता, रक्तदाबाची गोळीही चालू नव्हती. हे मी ‘ॲलर्जी आहे का’ एवढेच विचारून ठरवत नाही. ‘कुठल्या इंजेक्शनाने किंवा गोळीने कधी अंगावर पित्त उठले, तोंड सुजले, दम लागला का’ असे विचारले तरच माणसाला आठवते. मामांना तसे काहीच झालेले नव्हते, पण पहिल्याच वेळी गंभीर रिॲक्शन येऊ शकते, म्हणून कोरे उत्तर मिळाले तरी मी निर्धास्त होत नाही.

इंजेक्टरने नव्वद मिली आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट गेले आणि स्कॅन नीट पार पडला. औषध जाताना घशात आणि ओटीपोटात गरम लाट आल्यासारखे वाटते, ते मिनिटभरात ओसरते आणि ती ॲलर्जी नसते, हे मी आधीच सांगून ठेवले होते. टेबल बाहेर घेतले तेव्हा मामा उजव्या हाताच्या नखांनी डावा तळहात खाजवत होते. ‘‘तळहात लई खाजाय लागल्यात ओ,’’ ते म्हणाले आणि लागोपाठ तीन शिंका आल्या.

अशा वेळी ‘थोडी खाज आहे’ एवढे सांगून रुग्णाला बाहेर पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे. मी शर्टाची बटणे काढून छाती, पोट आणि काखा पाहिल्या, कारण गांधी कपड्याखाली उठल्या तर दिसत नाहीत. मानेखाली दोन-तीन गांधी होत्या. आवाज नेहमीसारखा होता, रक्तदाब १२६/७८, नाडी ९२ आणि ऑक्सिजन ९७ टक्के. रेडिओलॉजिस्ट मॅडमना फोन करताना मी त्वचा, श्वास, रक्तदाब आणि नाडी या चारही गोष्टी एका दमात सांगितल्या. तेवढ्यावर ही सौम्य रिॲक्शन होती. मोजक्या गांधी आणि खाज असेल तर पुष्कळदा औषधही लागत नाही, पण ती वाढते आहे की ओसरते आहे हे कोणीतरी जवळ उभे राहून पाहायलाच हवे.

मॅडम येईपर्यंत चित्र पालटले. गांधी एकमेकींत मिसळून छातीवर तांबडे पट्टे झाले होते. मामा सारखे घसा खाकरत होते आणि त्यांचा आवाज जाड झाला होता. मग ते म्हणाले, ‘‘पोटात कळ आलीय, मला परसाकडं जायचंय,’’ आणि उठून बसू लागले. पोटात कळ येऊन एकाएकी शौचाची घाई होणे हेही ॲनाफिलॅक्सिसचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीचे, लक्षण असू शकते, हे पुष्कळ सहकाऱ्यांना ठाऊक नसते. रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असताना असा माणूस एकदम उभा राहिला तर हृदयाकडे रक्तच परतत नाही आणि तो शौचालयाच्या दारात कोसळतो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना आडवेच ठेवले. दम लागलेला असून रक्तदाब चांगला असेल तर मात्र रुग्णाला टेकून बसू द्यावे, तिथे आडवे होण्याची सक्ती करू नये.

पुढचे माप आले ७८/४६. या ठिकाणी नाडी पाहिल्याशिवाय काही ठरवता येत नाही. सुईच्या भीतीने किंवा दुखण्यामुळे रुग्ण घामाघूम होऊन गळपटतो, तेव्हाही रक्तदाब उतरतो, पण नाडी चाळीस-पन्नासवर आलेली असते आणि अंगावर गांधी नसतात. तिथे पाय वर करणे आणि सलाईन देणे बहुधा पुरते, नाडी मंदच राहिली तर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. मामांची नाडी १२८ होती, छातीत शिटीसारखा आवाज येत होता आणि ऑक्सिजन ९१ वर आला होता. त्वचा, श्वास, पोट आणि रक्ताभिसरण अशी सारीच व्यवस्था बिघडलेली असताना हे ॲनाफिलॅक्सिस आहे याबद्दल शंकेला जागा नव्हती.

सिस्टरांच्या हातात सवयीने एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन आले होते. आपल्याकडे रिॲक्शन म्हटले की ही जोडी आधी निघते आणि त्यातच मोलाची मिनिटे जातात. एव्हिल खाज शमवते, पण सुजलेला घसा आणि कोसळलेला रक्तदाब त्याने सावरत नाही, उलट शिरेतून भराभर दिल्यास रक्तदाब आणखी उतरू शकतो. हायड्रोकॉर्टिसोनला परिणाम दाखवायला काही तास लागतात. मॅडम म्हणाल्या, ‘‘आधी ॲड्रिनॅलिन, अर्धा मिली, मांडीत.’’ मिलीला एक मिलीग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधले अर्धा मिली, म्हणजे ०.५ मिलीग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. हातात कॅन्युला तयार असल्यामुळे तिथूनच औषध ढकलण्याचा मोह होतो. पण नाडी लागत असलेल्या रुग्णाला हे तीव्र द्रावण शिरेतून दिले तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. मांडीच्या स्नायूतून औषध दंडापेक्षा लवकर रक्तात पोहोचते, आणि पँट उतरवण्यात वेळ जात असेल तर कापडावरूनही टोचता येते.

मी वेळ कागदावर लिहिली, पाय उशांवर उचलून ठेवले, पिशवीच्या मास्कने मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन सुरू केला आणि सलाईनची बाटली दाबून धरली. कॅन्युला ठेवलेली असल्यामुळे हा सलाईन लगेच सुरू झाला. पाच मिनिटांनी रक्तदाब ८४/५० होता, म्हणून मॅडमनी तोच डोस दुसऱ्या मांडीत दिला. त्यानंतर काही मिनिटांत १०४/६६ दिसले, शिटी कमी झाली आणि मामांनी पहिल्यांदा माझे बोलणे ऐकून मान हलवली. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन नंतर दिले गेले.

हेच एमआरआयच्या खोलीत तिथल्या गॅडोलिनियमच्या कॉन्ट्रास्टने घडले असते तर रुग्णाला सर्वात आधी खोलीबाहेर घ्यावे लागले असते. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर किंवा औषधांची ट्रॉली चुंबकाजवळ नेता येत नाही, आणि त्या धावपळीत हे विसरणे सोपे असते.

मामांना रात्रभर अतिदक्षता विभागात ठेवले, कारण ॲड्रिनॅलिनचा असर संपल्यावर काही तासांनी लक्षणे पुन्हा उसळू शकतात. रिॲक्शन सुरू झाल्यापासून एक ते चार तासांच्या आत घ्यायचे, ॲलर्जीच्या वेळी पेशींतून सुटणारे ट्रिप्टेज मोजण्यासाठीचे रक्तही घेतले गेले; त्याची पातळी वाढलेली आली तर निदान पक्के व्हायला मदत होते, मात्र ती वाढली नाही म्हणून ॲनाफिलॅक्सिस नव्हते असे म्हणता येत नाही.

त्यांचा मुलगा विचारत होता, ‘‘परवा कोळंबी खाल्ली हुती, त्यानं झालं का?’’ नाही. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांमुळे होते, आयोडीनमुळे नाही, त्यामुळे मासळीचा आणि कॉन्ट्रास्टचा असा खास संबंध नाही. जपायला हवी ती याच कॉन्ट्रास्टबाबतची नोंद. म्हणून डिस्चार्जच्या वेळी दिलेल्या कार्डावर आम्ही मोघमपणे ‘कॉन्ट्रास्ट ॲलर्जी’ असे न लिहिता औषधाचे नाव, मात्रा, लक्षणे कोणत्या क्रमाने आली आणि ॲड्रिनॅलिनचे दोन डोस लागले, हे सारे लिहिले. पुढे कुठल्याही केंद्रात सीटीची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना कॉन्ट्रास्टशिवाय भागते का हे आधी पाहता येईल, आणि ते लागणारच असेल तर दुसरे औषध निवडता येईल.