मावशीचा एक कान आणि अर्धी नथ

मामेभावाच्या लग्नात सगळ्यांचा एकत्र निघालेला बरा फोटो एकच होता आणि त्यात मावशीचे डोळे मिटलेले. ती शेजारच्या काकूंकडे वळलेली, म्हणजे पाऊण चेहरा: उजवा गाल आणि उजवा कान दिसतो, डावा कान अजिबात नाही. दुसऱ्या फोटोतला तिचा चेहरा इथे बसवू, तासाभराचं काम, असं मी बोलून बसलो.

पहिला घेतला समोरून काढलेला, सुंदर हसरा. फोटोशॉपमध्ये ५० टक्के पारदर्शक करून वर ठेवला आणि दोन्ही डोळे जुळवून आकार ठरवला. चूक इथेच झाली. मान बाजूला वळली की डोळ्यांमधलं अंतर फोटोत कमी होतं, पण भुवयांपासून हनुवटीपर्यंतची उंची जवळपास तेवढीच राहते. डोळे जुळवल्यामुळे अख्खा चेहराच लहान झाला. उंचीवर जुळवला, तर पलीकडचा गाल मूळ कडेच्या बाहेर, थेट काकूंच्या पदरावर. आडवा दाबून पाहिला, तरी दोन्ही नाकपुड्या सारख्याच दिसत राहिल्या. समोरचा चेहरा दाबून पाऊण होत नाही.

मग उलट्या बाजूला वळलेला एक फोटो सापडला. तो आरशासारखा उलटवला, कोन छान बसला. मी खूश. बायकोनं लांबूनच विचारलं, "मावशींची नथ उजवीकडे कधीपासून?" खिडकीचा उजेडही चुकीच्या गालावर आला होता, नथीच्या नादात तो मला दिसलाच नव्हता.

शेवटी फोटोग्राफरकडून न निवडलेले फोटो मागवले. त्याच जागी, काही सेकंदांनी काढलेल्या एकात मावशी त्याच बाजूला वळलेली आणि डोळे उघडे. कोन जुळतो का ते दोन खुणांवर पाहिलं: पलीकडच्या डोळ्याचा किती भाग दिसतो आणि नाकाचं टोक पलीकडच्या गालाच्या कडेपासून किती लांब आहे. थोडा फरक होता, पण चालण्यासारखा.

या वेळी कान आणलाच नाही. मूळ कान, झुमका आणि केस तसेच ठेवून भुवयांपासून हनुवटीपर्यंतचाच भाग घेतला, नव्या फोटोतलं बाकीचं सगळं फोटोशॉपच्या मास्कनं झाकलं. अलीकडच्या गालावर मास्कची कड चांगली ३०-४० पिक्सेल मऊ केली, तिथे कातडीत कातडी मिसळते. पलीकडच्या गालाला मात्र मागे काकूंची हिरवी साडी होती. तिथेही आधी तशीच मऊ कड दिली, तर गालाभोवती धुरकट हिरवी झालर आली. ती कड पिक्सेल-दीड पिक्सेलवर आणली, गालाची रेषा मूळ फोटोतलीच ठेवली, तेव्हा झालर गेली. नथ नाकाबाहेर डोकावते तेवढी वेगळी कापून वर ठेवली.

फोटो कृष्णधवल करून पाहिला तेव्हा नवा चेहरा मानेपेक्षा किंचित उजळ निघाला, त्याचा उजळपणा फोटोशॉपमधल्या कर्व्ह्जनं उतरवला. हनुवटीखालची सावली अजून थोडी हलकी वाटते मला. अल्बममध्ये मात्र तोच फोटो गेला.