तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेंचमधला त आणि आपल्या जिभेवरचा ट

"मॅडम, व्याकरण येतं, शब्द येतात, इंग्रजीही चांगलं आहे. तरी फ्रेंचमध्ये दोन वाक्यं बोललो की समोरचा ओळखतो, हा भारतातून आलाय. हे पी, टी, के नेमके कसे काढायचे?"

मराठी बोलताना काढता तसे. प, त, क हे तिन्ही आवाज तुमच्या तोंडात लहानपणापासून आहेत आणि फ्रेंचला जवळजवळ तेच हवे असतात. अडतं ते रोमन अक्षरांपाशी. ही अक्षरं आपण इंग्रजीच्या तासाला शिकलो, त्यामुळे टी दिसला की जीभ ट कडे जाते आणि डी दिसला की ड कडे.

इंग्रज माणूस टी म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर टेकवतो. तो आवाज आपल्या त आणि ट यांच्या मधला आहे, पण मराठी कानाला तो ट च्या जास्त जवळचा वाटतो. म्हणून इंग्रजीतून आलेले शब्द आपण टेबल, डॉक्टर, स्टेशन असे घेतले. पोर्तुगीजांचा टी मात्र फ्रेंचसारखाच दातांवरचा. त्यांच्याकडून आलेले पाद्री, मेस्त्री, तुरुंग हे शब्द पाहा, सगळीकडे त आणि द. बटाट्यासारखे अपवाद आहेत, पण एकूण आपल्या पूर्वजांच्या कानांनी हा फरक बरोबर टिपला होता. फ्रेंच शिकताना तोच कान वापरायचा आहे. टी म्हणजे त, डी म्हणजे द.

फ्रेंच माणसाला ट ऐकून शब्द कळत नाही असं नाही. त्याच्या भाषेत त आणि ट ही जोडीच नाही, त्यामुळे अर्थ बदलत नाही. पण ट साठी जीभ मागे वळायला लागते तेव्हा तिच्या आधीच्या स्वराचाही रंग बदलतो. 'पात' आणि 'पाट' सावकाश म्हणून पाहा, दुसऱ्या शब्दातला आ शेवटाकडे वेगळा होतो. फ्रेंच कानाला खटकतं ते हेच.

आता हवेबद्दल. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला पी, टी, के आले की त्यांच्यामागून हवेचा झोत बाहेर पडतो. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून स्वरतंतू कंप पावायला लागेपर्यंत जो वेळ जातो, तो मोजता येतो. लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी 1964 मध्ये अकरा भाषांमधला हा वेळ मोजून प्रसिद्ध केला, आणि त्या अकरांत मराठीही होती. इंग्रजीत तो साधारण 60 ते 80 मिलीसेकंद निघाला. मराठीतल्या प, त, क मध्ये तो त्याहून खूपच कमी असतो, फ्रेंचमध्येही तसाच. हवा सोडायची तर आपल्याकडे फ, थ, ख ही वेगळी अक्षरं आहेत. फ्रेंचमध्ये तीही नाहीत.

त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना महिनोन् महिने जो सराव करावा लागतो, त्यातून तुमची सुटका आहे. फक्त ज्यांनी परदेशी ग्राहकांशी बोलण्यासाठी मुद्दाम इंग्रजी वळण घोटून घेतलंय, त्यांच्या पी, टी, के मध्ये हवा शिरलेली असते. तपासायचं असेल तर टिश्यू पेपरची पट्टी ओठांसमोर धरा. 'पाणी' म्हणा, पट्टी जेमतेम हलेल. मग 'पारी' म्हणा, म्हणजे पॅरिस. पट्टी उडाली तर तो प इंग्रजीतून आलाय. त आणि क साठी पट्टीपेक्षा तळहात ओठांजवळ धरलेला बरा.

मराठी माणसाची खास अडचण आणखी एक आहे आणि ती लिपीतूनच येते. रोमन लिपीत नाव लिहिताना आपण थ साठी टी-एच लिहितो. मग फ्रेंचमध्ये टी-एच दिसला की तोंडातून थ येतो. चहाला 'थे', नाटकाला 'थेआत्र'. फ्रेंचमध्ये हा एच पूर्ण मुका. चहा म्हणजे 'ते', नाटक 'तेआत्र', आणि थॉमस हे नाव 'तोमा'. पी-एचचं वेगळं आहे. तो फ्रेंचमध्ये एफ होतो, खालचा ओठ वरच्या दातांना लावून. 'फळ' म्हणताना दोन्ही ओठ मिटत असतील तर तो फ इथे चालणार नाही.

हे सगळं एका वाक्यात घोटून घ्यायचं तर फ्रेंच मुलांचं एक जुनं जिव्हावळण आहे: 'तोंतों, तों ते तातिल ओते ता तू?' अर्थ असा की काका, तुमच्या चहाने तुमचा खोकला घालवला का? नऊ टी आहेत यात, आणि एकही ट नाही. 'ते' मध्ये तो टी-एच दडलेला आहे. शेवटचा 'तू' म्हणजे खोकला, आणि तो अगदी आपल्या 'तू' सारखा. 'तोंतों' आणि 'तों' म्हणताना ओ नाकातून काढायचा, पण न साठी जीभ दातांना लावायची नाही. कोकणी बोलणाऱ्यांना हे लगेच जमतं.

आधी सावकाश म्हणा आणि प्रत्येक त ला जिभेचं टोक दातांना लागतंय का ते जाणवू द्या. मग वेग वाढवा. वेग वाढला की कुठला तरी एक त हिरडीवर सरकतो, बहुतेक 'तातिल' मधला दुसरा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. तो सापडला की पूर्ण वाक्य पुन्हा म्हणत बसू नका, 'ता-तिल, ता-तिल' एवढंच म्हणा.

वाक्य जमलं तरी काम संपत नाही. विद्यार्थ्यांकडे लक्ष देऊन ऐकलं तर दिसतं की नवे फ्रेंच शब्द ते त, द ने नीट म्हणतात आणि इंग्रजीशी सामाईक असलेल्या शब्दांवर घसरतात. तेलेफोन, ताक्सी, ओतेल, दोक्तर, मादाम, रेस्तोरां. हे शब्द डोळ्यांना इतके ओळखीचे असतात की जीभ वाट बघत नाही. म्हणून मी सुरुवातीच्या आठवड्यांत असे शब्द वहीत देवनागरीत लिहून घ्यायला सांगते. पण हे फक्त व्यंजनांसाठी. स्वर देवनागरीत नीट मावत नाहीत, तेव्हा त, द जिभेत बसले की हा आधार सोडून द्यायचा.

स्वरांचा विषय निघाला म्हणून 'तू, तुम्ही' मधल्या 'तू' साठी असलेल्या फ्रेंच शब्दाबद्दल सांगते. टी-यू असं त्याचं स्पेलिंग. विद्यार्थी त्याला 'त्यू' म्हणतात. मध्ये य नको. जीभ ई म्हणताना असते तशीच पुढे ठेवायची आणि ओठ ऊ सारखे गोल करायचे. त तोच, दातांवरचा. जीभ इतकी पुढे आणि वर असल्यामुळे त सुटताना थोडी घासल्यासारखी हवा येते, ती येऊ द्या. क्वेबेकला जाणार असाल तर तिथे हीच घासणी पुरती वाढते. ई आणि या स्वराच्या आधी त चा 'त्स' होतो, आपल्या 'चोर' मधल्या च सारखा, आणि द चा 'द्झ', 'जोर' मधल्या ज सारखा. माँत्रियालमध्ये हे ऐकू आलं तर गोंधळू नका. पॅरिसची परीक्षा देत असाल तर साधा त ठेवा, क्वेबेकमध्ये राहायला लागलात की चोरातला च तुमच्याजवळ आहेच.