पंधरा अंशांचा तडा

मंगळवारी सकाळी टेस्ट लॅबमधल्या काकांचा फोन आला. "मॅडम, तुमचा ब्रॅकेट गेला. पण तुम्ही म्हणालात तसा नाही गेला. येऊन बघा."

ब्रॅकेट बिडाचा, FG 260 ग्रेडचा. एका बाजूला चार बोल्ट, दुसऱ्या बाजूला लोंबता भार, त्यामुळे वाकणं आणि पिळणं दोन्ही एकदम. फटीग रिगवर, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देणाऱ्या यंत्रावर, तो तडकणार हे आमच्या गणितात आधीच दिसत होतं, आणि तडा फिलेटवर नेमका कुठे येईल तेही. तो तिथेच आला होता. काकांनी लाल डाय पेनिट्रंट मारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर फवारला होता आणि त्यावर तडा केसासारखा उमटला होता. शेजारी मी दिलेल्या प्रिंटवरची रेघ त्यांनी पेन्सिलीने जॉबवर उतरवली होती. दोन रेघांमध्ये सुमारे पंधरा अंशांचा फरक.

बीड हा ठिसूळ माल. त्यात फटीगचा तडा साधारण सर्वांत मोठ्या ओढीला काटकोनात पसरतो. म्हणजे या सर्वांत मोठ्या ओढीची, पहिल्या प्रिन्सिपल स्ट्रेसची, दिशा कळली की तडा कसा धावेल ते सांगता येतं. ही दिशा कळणं आम्हाला गरजेचं होतं, कारण नवी रिब त्याच दिशेत टाकायची होती आणि पॅटर्न बदलण्याचं काम त्याच आठवड्यात सुरू होणार होतं.

"पंधरा अंश म्हणजे काही फार नाही," आमचे साहेब म्हणाले. "ओतीव माल आहे, आत कुठे ब्लोहोल असेल."

असेलही, असं मलाही वाटलं. ओतकामाच्या बाबतीत ब्लोहोलवर ढकलता येत नाही असं काहीच नसतं. तरी जागेवर येऊन मी मॉडेलमधल्या त्या बिंदूचे, म्हणजे नोडचे, स्ट्रेसचे सहा आकडे उघडले. इथे ते राउंड करून देते, मेगापास्कलमध्ये: xx 60, yy 0, zz 75, xy 60, yz −90, xz −30. हे आकडे आमची स्क्रिप्ट सॉल्व्हरच्या फाइलमधून उचलायची, त्यांचा तीन बाय तीनचा सममित मॅट्रिक्स मांडायची आणि त्याच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजेच तीन प्रिन्सिपल स्ट्रेस, काढायची. उत्तर होतं 167.9, 36.9 आणि −69.8. पडताळा म्हणून स्क्रिप्ट सहाही आकड्यांतून बनणारा एकच आकडा, व्हॉन मायझेस स्ट्रेस, हाही काढायची आणि सॉल्व्हरने छापलेल्या आकड्याशी ताडून बघायची. इकडे 206.2, तिकडेही 206.2. या हिरव्या बरोबरच्या खुणेवर आम्ही सगळे दीड वर्ष निर्धास्त होतो.

माझी नजर मधल्या 36.9 वर अडली. हा नोड मोकळ्या पृष्ठभागावरचा. त्याला बाहेरून कोणी ओढत नाही, कोणी दाबत नाही. हवेचा दाब काय तो 0.1 मेगापास्कल. अशा ठिकाणी पृष्ठभागाला लंब असलेली दिशा ही आपोआपच एक प्रिन्सिपल दिशा असते आणि तिची आयगेनव्हॅल्यू शून्य. खऱ्या मॉडेलमध्ये ती अगदी शून्य येत नाही, दोन-तीन मेगापास्कलचा कचरा राहतो. पण सदतीस म्हणजे कचरा नव्हे.

कागदावर ताडून पाहिलं. त्या जागी पृष्ठभागाचा लंब होता (1, 2, 2) भागिले 3. मॅट्रिक्सला त्याने गुणलं की पृष्ठभागावर लागणारं बल मिळतं. उत्तर आलं (40, −40, −20), म्हणजे एकूण 60 मेगापास्कल. ब्रॅकेटच्या कातडीला हवा 60 मेगापास्कलने ओढते आहे, असं आमचा मॅट्रिक्स सांगत होता.

ब्लोहोल निर्दोष सुटला. चूक आकड्यांतच होती.

स्क्रिप्ट लिहिली होती अ‍ॅबॅकससाठी. त्या सॉल्व्हरमध्ये सहा घटकांचा क्रम xx, yy, zz, xy, xz, yz असा असतो. हा ब्रॅकेट मात्र ग्राहकाच्या आग्रहामुळे अ‍ॅन्सिसमध्ये सोडवला होता आणि तिथे क्रम xx, yy, zz, xy, yz, xz. शेवटच्या दोघांची अदलाबदल झाली होती. खरं yz होतं −30 आणि xz होतं −90. आकडे नीट जागेवर बसवले:

```python
import numpy as np
S = np.array([[ 60,  60, -90],
              [ 60,   0, -30],
              [-90, -30,  75]])
w, V = np.linalg.eigh(S)
```

`w` मध्ये आलं −45, 0, 180. लंबाने गुणून पाहिलं: 60 + 120 − 180, शून्य. बाकी दोन ओळीही शून्य. (`eigh` लहानापासून मोठ्याकडे आकडे देतं आणि दिशा `V` च्या स्तंभांत असतात, ओळींत नव्हे. पहिल्या प्रिन्सिपल स्ट्रेसची दिशा म्हणजे `V[:,2]`. इथेही लोक हमखास घसरतात, मीही एकदा घसरले आहे.)

मग व्हॉन मायझेस जुळला कसा? ज्युनिअर मुलाने हेच विचारलं, आणि त्याचं उत्तर देता देता मलाच ते नीट उमगलं. आयगेनव्हॅल्यू ज्या त्रिघाती समीकरणातून येतात त्याचे तीन सहगुणक असतात. पहिला म्हणजे कर्णावरची बेरीज. xy, yz, xz हे शिअरचे आकडे तिथे येतच नाहीत. दुसऱ्यात शिअर येतात, पण प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज, म्हणून कोण कुठे बसलाय याने फरक पडत नाही. व्हॉन मायझेस याच दोघांवर उभा असतो. तिसरा सहगुणक म्हणजे डिटरमिनंट, आणि फक्त त्यालाच जागा कळते. बरोबर मांडणीत तो शून्य, चुकीच्या मांडणीत −4,32,000. सगळा बिघाड त्या एका आकड्यात होता आणि आमचा पडताळा नेमका त्यालाच विचारत नव्हता.

"पण मॅम, अक्षांची नावं बदलली तर उत्तर बदलायला नको ना?" त्याचा पुढचा प्रश्न.

रास्त होता. x आणि y ची नावं खरोखर बदलली, तर xz आणि yz बरोबर xx आणि yy यांचीही अदलाबदल होते, आणि मग आयगेनव्हॅल्यू त्याच राहतात. आम्ही अर्धीच अदलाबदल केली होती. तो अक्षांचा फेरा नव्हता, तो दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तूतला स्ट्रेस होता.

स्क्रिप्टची चाचणी झाली नव्हती असंही नाही. जुन्या फाइली पाहिल्या. एक साध्या ओढीचा ठोकळा, एक xy मधल्या शिअरचा. दोन्हींत yz आणि xz शून्यच, मग अदलाबदल कळणार कुठून!

नवी दिशा (0.667, 0.333, −0.667), जुनी (0.491, 0.541, −0.683). पृष्ठभागावर टाकून मोजलं तर दोघींत 15.2 अंश. मोठा स्ट्रेसही 168 नव्हे, 180. म्हणजे आम्ही सात टक्के कमी धरत होतो, आणि रिब तिरकी टाकणार होतो.

दुपारी नवा प्रिंट घेऊन लॅबमध्ये गेले. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, जुनी पेन्सिलीची रेघ थिनरने पुसली आणि नवी आखली. दोन-तीन अंश इकडेतिकडे, पण तडा तिच्याच अंगाने गेला होता.

"आता बरोबर," ते म्हणाले. "सकाळी काय झालं होतं?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या स्क्रिप्टमधून आधी किती जॉब गेलेत?"

अ‍ॅन्सिसवाले दोनच होते. ते काढायला मी संध्याकाळी सात वाजता बसले.