आयपीओचा माझा अनुभव: सगळं सुरळीत झालं, अडलं ते एका रकान्यापाशी

चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत मी हिशेब आणि वित्त सांभाळतो. कंपनी घरगुती, मालक दादासाहेब, आणि गेल्या वर्षी आम्ही आयपीओ आणून, म्हणजे पहिल्यांदाच लोकांना शेअर विकून, शेअर बाजारात उतरलो. डीआरएचपी म्हणजे माहितीपत्रकाचा मसुदा दाखल करणं, बाजाराची नियामक सेबी हिचे प्रश्न, त्यांची उत्तरं हे सगळं सांगत बसत नाही. काम खूप असतं, पण ते पुढे सरकत राहतं. मला सांगायचंय ते प्राइस बँडबद्दल, म्हणजे शेअर किती ते किती रुपयांत द्यायचा त्या पट्ट्याबद्दल, कारण माहितीपत्रकातल्या त्या पानाचा राग अजून गेलेला नाही.

मर्चंट बँकर, म्हणजे इश्यू बाजारात आणून देणारे, पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी शेअरला २२५ रुपयांच्या आसपास भाव दाखवला. आमचा नफा ३६ कोटी, शेअर ४ कोटी, म्हणजे शेअरमागे कमाई ९ रुपये. तिला २५ ने गुणलं की २२५. त्याच धंद्यातल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे शेअर कमाईच्या २४-२५ पटीला मिळत होते, त्यामुळे आकडा हवेतला नव्हता. पण काम मिळवताना सांगितलेला भाव आणि वर्तमानपत्रात छापून येणारा भाव यांच्यामध्ये बरंच काही घडतं. काम कुणाला द्यायचं हे त्या पहिल्या आकड्यावरून ठरवू नका. त्यांनी आधी आणलेल्या इश्यूंमध्ये भाव काय सुचवला होता आणि शेवटी कितीला आला, ते विचारा.

अडलो ते असं. २०२२ पासून सेबीने एक तक्ता सक्तीचा केलाय. आरएचपी म्हणजे इश्यूच्या तोंडावर निघणारं माहितीपत्रक, त्याच्या आधीच्या १८ महिन्यांत प्रवर्तकांनी म्हणजे मालकांनी किंवा आयपीओत शेअर विकणाऱ्यांनी शेअरची मोठी खरेदी-विक्री केली असेल, म्हणजे ५ टक्के किंवा जास्त, तर तिचा सरासरी भाव काढायचा. मग आपला फ्लोअर म्हणजे बँडचा खालचा भाव आणि कॅप म्हणजे वरचा भाव त्या सरासरीच्या किती पट आहेत, ते छापायचं. बक्षीसपत्राने दिलेले शेअर त्यात धरत नाहीत, पैसे देऊन घेतलेले धरतात.

आमच्याकडे असा एकच व्यवहार होता. दादासाहेबांचे चुलतभाऊ कंपनीतून बाहेर पडले, तेव्हा त्यांचा ६ टक्के हिस्सा दादासाहेबांनी ४४ रुपये भावाने घेतला होता. तेरा महिन्यांपूर्वी. त्या वेळचा ताळेबंद १४ कोटी नफ्याचा, शेअरमागे कमाई साडेतीन रुपये. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल होता, बँकेतून पैसे गेले होते, सगळं चोख. पण तक्त्यात ते येणार ते असं: प्रवर्तकाने ४४ ला घेतलेला शेअर लोकांना चार-पाच पटीने विकायला काढलाय.

दादासाहेब पहिल्यांदा ऐकूनच उठले. "अहो, ती घरातली वाटणी होती. ती लोकांना कशाला दाखवायची?" मी म्हटलं, साहेब, पैसे दिले म्हणजे तो व्यवहार झाला. त्यांची खरी अडचण मला नंतर कळली. प्राइस बँडची जाहिरात इंग्रजी आणि हिंदी दैनिकात तर येतेच, शिवाय नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या भाषेतल्या दैनिकातही द्यावी लागते. म्हणजे आमच्यासाठी मराठी पेपर. आणि तक्ता त्या जाहिरातीतही असतो. चुलतभाऊ रोज सकाळी तोच पेपर उघडतात.

मग बैठकांवर बैठका. कुणीतरी सुचवलं, पाच महिने थांबू, १८ महिने उलटले की व्यवहार आपोआप बाहेर जाईल. हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल, म्हणून सविस्तर लिहितो. १८ महिन्यांत मोठा व्यवहार सापडला नाही, तर नियम मागच्या तीन वर्षांतले शेवटचे पाच व्यवहार दाखवायला सांगतो, मग ते कितीही छोटे असोत. आमच्याकडे मागे वळून पाहिलं तरी तोच व्यवहार होता. थांबून तो तक्त्यातून जाणार नव्हता. वर हिशेब सहा महिन्यांपेक्षा जुने झाले की चालत नाहीत, म्हणजे लेखापरीक्षण पुन्हा आणि त्याचा खर्चही पुन्हा. हे मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा कुठे तो विषय मिटला.

बँकरांचं म्हणणं वेगळंच. मोठे गुंतवणूकदार तो रकाना पाहून भाव पाडून मागतील, म्हणून कॅप १८० ठेवा. दादासाहेब २१० च्या खाली यायला तयार नव्हते. भाव कमी म्हणजे नुसती मानहानी नव्हे. कंपनीला १४० कोटी नवे हवे होते. २२५ ने त्यासाठी सुमारे ६२ लाख शेअर द्यावे लागले असते, शेवटी ठरलेल्या १९८ ने जवळजवळ ७१ लाख. तेवढा हिस्सा कायमचा जातो.

वाट निघाली ती तक्त्याखालच्या स्पष्टीकरणातून. इतका जास्त पट का, हे तिथे लिहावंच लागतं, आणि बहुतेक जण दोन गुळगुळीत वाक्यं टाकून मोकळे होतात. मी ते स्वतः लिहायला घेतलं. तेव्हाचा नफा किती, आताचा किती, मधल्या काळात दुसरा कारखाना कधी सुरू झाला, कमाईच्या हिशेबाने ४४ हा भाव तेव्हा साडेबारा पट पडत होता आणि कॅप आता २२ पट पडतोय, हे सगळं साध्या भाषेत. पट वाढलाय हेही लपवलं नाही. स्वतंत्र संचालकांच्या समितीला प्राइस बँड योग्य असल्याची शिफारस करावी लागते, त्यांनीही हेच पान समोर ठेवून प्रश्न विचारले. शेवटी बँड ठरला १८८ ते १९८. कॅप फ्लोअरच्या किमान १०५ टक्के असावा लागतो, तेही बसलं. त्या परिच्छेदाचा मला आजही अभिमान आहे.

जाहिरातीच्या आदल्या दिवशी दादासाहेब चुलतभावाकडे स्वतः गेले. फार बोलणं झालं नाही म्हणाले. पण पेपरातून कळण्याआधी सांगितलं गेलं, आणि मी सगळ्यांना हेच सांगेन: अशी गोष्ट असेल तर जाहिरातीआधी जा.

एक मधेच आठवलं. अंडररायटर म्हणजे न खपलेला सगळा माल तो उचलणार, अशी दादासाहेबांची समजूत होती. मेनबोर्डच्या, म्हणजे मुख्य बाजाराच्या, बुक बिल्डिंगमध्ये भाव बोलींवरून ठरतो, आणि अंडररायटिंगचा करार सहसा होतो तोच मुळी भाव ठरल्यावर, प्रॉस्पेक्टस म्हणजे अंतिम माहितीपत्रक दाखल करायच्या आधी. तोवर बोली आलेल्या असतात. मागणीच आली नाही तर त्या कराराच्या भरवशावर राहू नका. नव्या शेअरपैकी ९० टक्क्यांची मागणी आली नाही तर पैसे परत करावे लागतात.

त्यामुळे खरा कौल मिळतो तो इश्यू उघडण्याच्या आदल्या दिवशी, अँकर गुंतवणूकदारांकडून, म्हणजे सगळ्यांच्या आधी शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांकडून. त्यांनी १९८ ने शेअर घेतले आणि मी त्या रात्री शांत झोपलो. पुढचे तीन दिवस भराभर गेले. इश्यू बंद झाल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअरची बाजारात नोंदणी, २०२३ च्या डिसेंबरपासून हे सक्तीचं आहे.

नोंदणीच्या दिवशी नऊ ते दहा खास प्री-ओपन सत्र असतं, त्यात ऑर्डरी गोळा करून पहिला भाव ठरतो. पडद्यावर आकडा सारखा हलत होता, त्याकडे बघून आनंदी किंवा दुःखी होऊ नका, ऑर्डर मागे घेता येतात. आमचा भाव २१४ ला ठरला आणि दहाला व्यवहार सुरू झाले. आमचा इश्यू २५० कोटींच्या आत होता, त्यामुळे पहिले दहा दिवस शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात, आणि ठरलेल्या भावाच्या वर-खाली ५ टक्के एवढीच मर्यादा. हे नातेवाइकांना आधी सांगून ठेवा. दुपारपर्यंत मला फोन येत होते की सकाळी घेतलेला शेअर विकता का येत नाही. या गटात डिलिव्हरी घ्यावीच लागते, म्हणजे घेतलेला शेअर खात्यात आल्याशिवाय विकता येत नाही. आयपीओत मिळालेला शेअर मात्र पहिल्या मिनिटापासून विकता येतो.