डबा स्टीलचा नको

ओळख नवी आहे. दोन-तीनदा कॉफी झाली, एकदा नाटक पाहून झालं, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर गाडी आली. आणि नेमका सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. ती सीएच्या ऑफिसात कामाला. ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची नेहमीची शेवटची तारीख, त्यामुळे त्या आठवड्यात तिचा दिवस कधी संपतो हे तिलाही सांगता येत नाही. त्यानं काय करावं?

आधी तिचं काम कुठे अडतं ते समजून घ्यावं, म्हणजे निम्मे गैरसमज होणारच नाहीत. रिपोर्ट तयार झाला म्हणजे काम झालं असं नसतं. सीए तो स्वतःच्या डिजिटल सहीनं पोर्टलवर चढवतो आणि मग क्लायंटनं आपल्या लॉगिनमधून तो स्वीकारायचा असतो. क्लायंट पासवर्ड विसरलेला असतो, नाहीतर त्याचा सहीचा टोकन त्याच्या भावाकडे असतो, आणि भाऊ गावाला गेलेला असतो. शेवटच्या चार दिवसांत पोर्टलही धापा टाकतं. म्हणजे दिवसभर राबूनही शेवटची कळ दुसऱ्याच्याच हातात. अशा माणसाला रात्री नऊ वाजता ‘झालं का?’ विचारू नये. हाच प्रश्न तिला सकाळपासून साहेब विचारताहेत.

दुसरी गंमत व्हॉट्सअॅपची. ती रात्री बारालाही ऑनलाइन दिसते, पण त्याच्या मेसेजला उत्तर नाही. यावरून मनाचे मांडे खाण्यात अर्थ नाही, आणि मन खाण्यात तर नाहीच. क्लायंट मंडळी बँक स्टेटमेंट, बिलांचे वाकडे फोटो, सगळं तिथेच पाठवतात. व्हॉट्सअॅप हे त्या आठवड्यात तिचं टेबल आहे.

म्हणून दिवसातून एक मेसेज पुरे, आणि तोही असा की ज्याला उत्तर द्यावं लागणार नाही. ‘आज लक्ष्मी रोडवर भर पावसात एक आजोबा शांतपणे भुट्टा खात उभे होते. उत्तर नको, काम कर.’ एवढंच. ‘जेवलीस का?’ हा प्रेमळ प्रश्न खरा, पण त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर समजूतही काढावी लागते. आपण जास्त करतोय हे ओळखायची एक खूण आहे. तिच्याकडून ‘सॉरी रे, उत्तर द्यायला जमलं नाही’ असं दोनदा आलं, की समजावं आपणही तिच्या राहिलेल्या कामांच्या यादीत जाऊन बसलोय. मग एक दिवस गप्प राहावं. ‘मी जरा गप्प राहतो हं’ असं जाहीर न करता. उलट न विचारता तिनंच फायलींच्या ढिगाचा फोटो पाठवला, तर सगळं ठीक आहे.

‘काही मदत हवी तर सांग’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं आणि त्याचा उपयोग कुणालाच होत नाही. कारण मदत कोणती, ती मागणं बरं दिसेल का, हे सगळं पुन्हा तिनंच ठरवायचं. त्याऐवजी एकच ठरावीक गोष्ट विचारावी, जिला हो किंवा नाही म्हटलं की संपलं. ‘उद्या आठ वाजता खाली वॉचमनकडे खायला ठेवून जाऊ? वर येत नाही.’ ‘नाही’ आलं तर ‘बरं’ म्हणावं, आणि विषय सोडावा.

‘हो’ आलं, तर तपशिलाला महत्त्व आहे. एका हातात माऊस धरून खाता येईल असं काहीतरी हवं: बटाट्याची कोरडी भाजी भरून गुंडाळलेल्या चार पोळ्या, किंवा थालीपीठ आणि घट्ट दही. पावभाजी नको, सांबार नको, कीबोर्डचा घात होतो. एकटीपुरतं नेऊ नये. शेजारी आर्टिकलशिपची दोन-तीन उपाशी पोरं बसलेली असतात आणि तिला त्यांच्यासमोर एकटीनं खाता येत नाही, म्हणून पाच-सहा गुंडाळ्या जास्त. कधी कधी नवरात्र याच आठवड्यात येतं, तेव्हा उपास आहे का ते आधी विचारावं. आणि डबा स्टीलचा नको. स्टीलचा डबा म्हणजे धुऊन परत करण्याची, शिवाय रिकामा परत न करण्याची जबाबदारी. टाकून देता येईल असा कागदी डबा बरा.

फुलं घेऊन थेट ऑफिसात जाऊ नये. सगळं ऑफिस वळून बघतं, आणि जे नातं तिनं अजून घरीही सांगितलेलं नाही त्याचा खुलासा तिला ऐन गडबडीत करावा लागतो. ‘दहाला न्यायला येतो’ हेही तसंच. तिचं काम दहाला संपेलच असं नाही, आणि खाली कुणीतरी गाडी लावून थांबलंय या विचारानं ते आणखी लांबतं. ‘उशीर झाला आणि रिक्षा मिळाली नाही तर फोन कर, मी साडेअकरापर्यंत जागाच आहे’ यात मदतही आहे आणि तिची सुटकाही.

आता खरी परीक्षा. बुधवारी रात्री तिचा फोन येतो. एका क्लायंटच्या कॅशबुकात शिल्लक उणे येतेय. म्हणजे पेटीत नसलेले पैसे त्यानं खर्च केल्याचं दिसतंय. रोखीची एखादी जमा लिहायची राहिलीय, नाहीतर तारीख चुकलीय, आणि गडी फोन उचलत नाही. इथे त्याच्या तोंडावर येतं, ‘असला क्लायंट सोडूनच द्या ना!’ किंवा ‘साहेबांशी स्पष्ट बोल.’ हे तिला सुचलं नसेल का? क्लायंट तिचा नाही, साहेबांचा आहे, आणि साहेब स्वतः तीन रात्री झोपलेले नाहीत. असा सल्ला दिला की ती तक्रार सोडून क्लायंटचीच बाजू मांडत बसते, आणि फोन ठेवताना आणखी दमते. विचारायचंच तर गोष्टीतलंच विचारावं: ‘मग उणे पहिल्यांदा कुठल्या तारखेला दिसतं?’ ती सांगत जाते, सांगता सांगता कधी तिलाच जागा सापडते, कधी नाही. ‘मार्ग सुचवू की नुसतं ऐकू?’ हे एकदा विचारायला हरकत नाही. प्रत्येक फोनला विचारलं, तर ते कॉल सेंटर होतं.

मुदतवाढीच्या बातम्या तर मुळीच पाठवू नयेत. त्या तिच्याकडे आधी पोचतात, त्यातल्या निम्म्या खोट्या असतात आणि खऱ्या निघाल्या तरी सुटका नसते. २०२५ मध्ये ३० सप्टेंबरची तारीख आधी ३१ ऑक्टोबर झाली आणि मग १० नोव्हेंबर. क्लायंटांनी तेवढेच दिवस कागद उशिरा दिले असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तेव्हा १ ऑक्टोबरच्या रात्रीचं जेवणाचं टेबल राखून ठेवलं असेल तर ते तिला सांगूच नये. त्या रात्री ती झोपणार आहे, आणि तिनं झोपावं.

भेट ठरवायची तर तीन-चार दिवसांनी, तासाभराची, ऐन वेळी रद्द झाली तरी कुणाचं काही बिघडणार नाही अशी. चहा आणि डोसा. तारीख तिनं सांगावी, कारण ऑडिट आटोपलं तरी त्याच क्लायंटांची रिटर्न्स भरायची असतात आणि कंपन्यांचे फॉर्मही मागे लागलेले असतात. आणि डोसा खाता खाता तिनं ‘तुझा आठवडा कसा गेला?’ असं विचारलं, तर ‘माझं काय, ठीक’ म्हणून उडवून लावू नये. नीट सांगावं. तिला आता खरंच टॅक्स ऑडिट सोडून दुसरं काहीतरी ऐकायचं असतं.